एक सूरह, दोन इंग्रजी अनुवाद : मुंबईशी नाते असलेल्या दोन अनुवादकांची शब्दनिवड

आपल्या घरांतील इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले आता मोठी होत आहेत. उर्दू वाचता येत नाही, मराठी शाळेपुरती येते, आणि कुरआनचा अर्थ समजून घ्यायची इच्छा झाली की हात इंग्रजी अनुवादाकडे जातो. पालक आम्हाला विचारतात, “सर, मुलासाठी कोणता इंग्रजी अनुवाद घ्यावा?” या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येते, पण ते पुरेसे होत नाही. दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचले की लक्षात येते की दोघांनी एकाच आयतीतून थोडे वेगळे काही ऐकले आहे, आणि वाचणाऱ्या मुलाला ते वेगळेपण न कळता तो एकालाच मूळ समजून बसतो. घरातल्या एका भावाने एक अनुवाद वाचलेला असतो, दुसऱ्याने दुसरा, आणि वाद सुरू होतो तो कुरआनवर नव्हे, तर इंग्रजी शब्दावर.

म्हणून या लेखात आम्ही एकच सूरह घेतली आहे, सूरह फातिहा. ती सर्वांना तोंडपाठ असते. पाच वक्तांच्या फर्ज नमाजांच्या सतरा रकअती धरल्या तरी ती दिवसातून सतरा वेळा म्हटली जाते. सात छोट्या आयतींची ही सूरह दोन अनुवादकांनी इंग्रजीत कशी आणली, कोणते शब्द घेतले, आणि त्या शब्दांनी अर्थ कुठे वळला, एवढेच पाहू. अनुवाद घेतले आहेत मार्माड्यूक पिकथॉल आणि अब्दुल्लाह युसूफ अली यांचे. इंग्रजीत सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या अनुवादांत या दोघांची गणना होते. आणि दोघांचाही आपल्या मुंबईशी संबंध आहे.

दोघे अनुवादक

अब्दुल्लाह युसूफ अली यांचा जन्म १८७२ साली मुंबईत एका बोहरा कुटुंबात झाला. अंजुमनच्या शाळेत सुरुवातीचे शिक्षण घेऊन ते विल्सन कॉलेजात गेले. गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची आजची इमारत १८८९ची. युसूफ अलींनी १८९१ साली, एकोणिसाव्या वर्षी, मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी इंग्रजी साहित्य घेऊन पहिल्या वर्गात मिळवली आणि शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. पुढे ते आय.सी.एस. अधिकारी झाले. लाहोरच्या इस्लामिया कॉलेजचे ते दोनदा प्राचार्य होते. त्यांचा अनुवाद १९३४ पासून लाहोरहून भागाभागाने छापला जाऊ लागला. त्यात मजकुराच्या खाली सहा हजारांहून अधिक टिपा आहेत.

मार्माड्यूक पिकथॉल हे १८७५ साली लंडनमध्ये जन्मलेले, एका इंग्रज पाद्र्याचे चिरंजीव. अरबस्तान आणि शाम देशाच्या जीवनावर कादंबऱ्या लिहून त्यांनी नाव कमावले होते. १९१७ साली त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले. १९२० साली ते मुंबईला आले ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या इंग्रजी दैनिकाचे संपादक म्हणून. १९२४ पर्यंत ते येथे होते. क्रॉनिकल फोर्टातून निघत असे. म्हणजे युसूफ अली ज्या चौपाटीवर शिकले आणि पिकथॉल जिथे अग्रलेख लिहीत, त्या जागांमध्ये चर्नी रोड ते चर्चगेट एवढेच अंतर; काळात मात्र जवळजवळ तीस वर्षांचे. मुंबई सोडून पिकथॉल हैदराबादला निजामाच्या नोकरीत गेले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. निजामाने त्यांना अनुवादासाठी दोन वर्षांची पूर्ण पगारी रजा दिली, त्यांनी कैरोला जाऊन तेथील विद्वानांसमोर आपला मजकूर ठेवला, आणि १९३० साली त्यांचा अनुवाद प्रसिद्ध झाला. आपल्या पुस्तकाला त्यांनी ‘कुरआन’ म्हटले नाही, कुरआनचा ‘अर्थ’ म्हटले. मूळ अरबीची जागा कोणतेही भाषांतर घेऊ शकत नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

दोघांचे स्वभाव या पार्श्वभूमीतून ओळखता येतात. पिकथॉल यांची मातृभाषा इंग्रजी. ते एका अरबी शब्दाला शक्य तिथे एकच इंग्रजी शब्द देतात आणि पुढे जातात. युसूफ अली साहित्याचे विद्यार्थी आणि भाष्यकार. एका शब्दात मावत नसेल तर ते दोन शब्द घालतात आणि तरीही मन भरले नाही तर खाली टीप देतात. आता हे प्रत्यक्ष शब्दांत पाहू.

‘रब्ब’ : एका शब्दाला एक की दोन?

पहिला थांबा ‘रब्ब’ या शब्दाजवळ. पिकथॉल लिहितात ‘लॉर्ड’. युसूफ अली लिहितात ‘चेरिशर’ आणि ‘सस्टेनर’, म्हणजे मायेने जपणारा आणि पोसणारा, सांभाळणारा.

‘लॉर्ड’ म्हटल्यावर मुंबईच्या माणसाच्या मनात काय येते? हायकोर्टातले ‘माय लॉर्ड’, जुन्या रस्त्यांना दिलेली गव्हर्नरांची नावे, आणि भाड्याची पावती देणारा ‘लँडलॉर्ड’. सत्ता आणि अधिकार यांचा हा शब्द आहे. यात चूक नाही. अरबीत ‘रब्ब’ म्हणजे धनी हाही अर्थ आहेच. घरधन्यालाही अरबीत रब्ब म्हणता येते आणि घरच्या कर्त्या बाईसाठी त्याच शब्दाचे स्त्रीरूप वापरतात. पण जुने कोशकार तेवढ्यावर थांबत नाहीत. कुरआनच्या शब्दांचा कोश करणारे इमाम रागिब इस्फहानी ‘रब्ब’ची फोड ‘तरबियत’ या शब्दाने करतात. एखाद्या गोष्टीला पायरी पायरीने वाढवत तिच्या पूर्णत्वाला पोहोचवणे, ती तरबियत. आपल्या घरांत हा शब्द रोजचा आहे. मुलाला दूध पाजणे ही तरबियत नव्हे, त्याला खाऊ-पिऊ घालून, बोलायला शिकवून, चुकला तर सावरून माणूस करणे ही तरबियत.

हा सगळा अर्थ ‘लॉर्ड’मध्ये ऐकू येत नाही. युसूफ अलींना तो सोडवला नाही म्हणून त्यांनी दोन शब्द घेतले, आणि टिपेत सांगितले की ‘रब्ब’साठी रूढ इंग्रजी शब्द ‘लॉर्ड’ असला तरी जपणे, पोसणे आणि पूर्णत्वाला नेणे हे अर्थ त्यात आहेत. म्हणजे त्यांनी अर्थ वाचवला. मग काय गेले? दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे मालकीचा, अधिकाराचा अर्थ मागे पडला. नुसता ‘चेरिशर’ ऐकणाऱ्याला माया कळते, हुकूम कळत नाही. दुसरे म्हणजे अरबीतला एक ठाशीव शब्द इंग्रजीत ‘आणि’ने जोडलेली जोडी झाला. ‘रब्ब’ हा शब्द कुरआनात शेकडो वेळा येतो. प्रत्येक वेळी ही जोडी लिहिणे शक्य नाही. पुढे युसूफ अली स्वतःही बहुतेक ठिकाणी ‘लॉर्ड’च लिहितात. परिणाम असा की इंग्रजी वाचकाला फातिहेतला रब्ब आणि पुढच्या सूरहांतला रब्ब हा एकच शब्द आहे हे कळत नाही. पिकथॉल यांच्या वाचकाला अर्थ कमी मिळतो, पण शब्द तोच आहे ही ओळख मिळते.

गंमत अशी की ‘लॉर्ड’ या इंग्रजी शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीत ‘भाकरी राखणारा’ असे आहे. घरातल्या सर्वांच्या भाकरीची जबाबदारी ज्याच्यावर तो लॉर्ड. पोसण्याचा अर्थ त्या शब्दात एकेकाळी होता. काळाने तो पुसून टाकला. अनुवादकाला शब्दाच्या जुन्या अर्थावर भरवसा ठेवता येत नाही, आज वाचणाऱ्याच्या कानात जे वाजते तेच खरे.

‘मालिक’ : ओनर की मास्टर?

दुसरा शब्द न्यायाच्या दिवसाविषयीचा, ‘मालिक’. पिकथॉल यांनी ‘ओनर’ लिहिले, युसूफ अलींनी ‘मास्टर’.

येथे आधी अरबी लिपीकडे पाहू. आपल्याकडच्या छपाईत या शब्दाच्या मीमवर खडा जबर असतो. तो आपण ओढून ‘मालिक’ असे वाचतो. मोरोक्को, अल्जीरिया या भागांत चालणाऱ्या वर्श पठणात हाच शब्द न ओढता ‘मलिक’ असा वाचतात. दोन्ही पठणे प्रमाण मानली जातात. ओढला तर अर्थ होतो मालक, न ओढता वाचला तर राजा. मालकाकडे वस्तू असते. राजाकडे हुकूम असतो. जुन्या तफसीरकारांनी या दोहोंतला फरक बारकाईने मांडला आहे.

आता इंग्रजी शब्द तपासू. ‘ओनर’ हा आपल्या पठणाला अगदी नेमका बसतो. तो दिवस कोणाच्या मालकीचा? त्याच्या. पण ‘ओनर’ शब्दाला इस्टेटीचा वास आहे. परळ-लालबागच्या चाळीत राहणाऱ्याला विचारा. तिथे मालक म्हणजे भाडे घेणारा, दुरुस्तीला टाळाटाळ करणारा, आणि चाळीत फारसा न दिसणारा माणूस. मालकी असूनही कारभार दुसऱ्याच्या हाती असू शकतो. त्यामुळे ‘ओनर’मध्ये मालकी पक्की होते, पण त्या दिवशी प्रत्यक्ष हुकूम चालवण्याचा भाव पातळ होतो.

‘मास्टर’मध्ये तो भाव आहे. ज्याच्या शब्दापुढे कोणाचे चालत नाही तो मास्टर. म्हणून हा शब्द ‘मालिक’ आणि ‘मलिक’ या दोहोंच्या मध्ये उभा राहतो आणि थोडा थोडा दोन्हींना पुरतो. पण त्यातही अडचण आहे. मुंबईच्या मुलाच्या कानाला मास्टर म्हणजे शाळेचा मास्तर, नाही तर कपडे शिवणारा मास्टर, नाही तर बँडवाला. इंग्रजी साहित्य वाचलेल्या माणसाला मास्टर म्हटल्यावर समोर गुलामही दिसतो. शब्द एकच, ऐकणारा कोण यावर त्याचा रंग बदलतो.

एक सावधगिरी येथेच सांगतो. पिकथॉल यांच्या नावाने आज मिळणाऱ्या काही प्रतींत ‘ओनर’च्या जागी ‘मास्टर’ छापलेले आढळते. युसूफ अलींच्या बाबतीत बदल याहून मोठा आहे. त्यांच्या मूळ आवृत्तीत इंग्रजी ‘गॉड’ हा शब्द होता. त्यांचे निधन १९५३ साली झाले, आणि १९८०च्या दशकात निघालेल्या सुधारित आवृत्त्यांत त्याजागी ‘अल्लाह’ घालण्यात आले. टिपांतही फेरफार झाले. पिकथॉल यांनी मात्र पहिल्यापासून ‘अल्लाह’च ठेवला होता, कारण त्या नावाला जोडीचा इंग्रजी शब्द नाही असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून “युसूफ अली असे म्हणतात” असे कोणी म्हटले तर आधी विचारावे, कोणत्या सालची प्रत? हे न पाहता केलेली तुलना दोन अनुवादकांची राहत नाही, एका अनुवादकाची आणि दुसऱ्याच्या सुधारकाची होते.

एका ‘च’चे काम

सूरहच्या मध्यावर बोलणाऱ्याचा सूर बदलतो. इथवर ‘तो’ होता, आता ‘तू’ येतो. अरबीत येथे ‘तुला’ हा शब्द क्रियापदाच्या आधी आणून ठेवला आहे. अरबीच्या नेहमीच्या रचनेत तो क्रियापदाला मागून चिकटतो. तो उचलून पुढे आणला की अर्थ होतो: तुझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

पिकथॉल यांनी येथे कंसात ‘अलोन’, म्हणजे ‘फक्त’, हा शब्द घातला. कंस का? कारण अरबीत ‘फक्त’ असा वेगळा शब्द नाही, तो अर्थ शब्दांच्या जागेतून येतो. हा शब्द माझा आहे, मूळचा नव्हे, हे त्यांनी कंसाने कबूल केले. युसूफ अलींनी शब्द वाढवला नाही. त्यांनी इंग्रजीतही ‘तुला’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला नेला आणि जोर रचनेवर सोडला. काव्य वाचायची सवय असलेल्याला तो जोर जाणवतो. आठवीच्या मुलाला जाणवत नाही. त्याला ते नुसते जुन्या धाटणीचे उलटसुलट वाक्य वाटते, आणि सूरहचा कणा असलेला अर्थ, एकालाच मानण्याचा, त्याच्या हातून निसटू शकतो.

उलट, अरबीत तो शब्द दोनदा येतो, एकदा इबादतीसाठी आणि एकदा मदतीसाठी. पिकथॉल यांनी दोन्ही वेळा तोच शब्द ठेवला. युसूफ अलींनी दुसऱ्या वेळी ‘तुला’ऐवजी ‘तुझी मदत’ अशी रचना केली. अर्थ राहिला, पण एकच शब्द पुन्हा येऊन कानावर आदळतो तो ठोका गेला.

मराठी वाचकाला येथे एक फायदा आहे. जे सांगायला पिकथॉल यांना कंस लागला आणि युसूफ अलींना वाक्य फिरवावे लागले, ते आपली भाषा एका अक्षरात करते. ‘तुझी’ला ‘च’ लावला की झाले. उर्दूत ‘ही’ तेच करतो. आम्ही वर्गात मुलांना हेच करून दाखवतो. “मी आईला सांगितले” आणि “मी आईलाच सांगितले” यांत फक्त एक अक्षर वाढले, पण दुसऱ्या वाक्यात बाकी सारी माणसे बाहेर गेली. अरबीत हे काम शब्द पुढे आणून होते, हे मुलाला मग एका मिनिटात समजते. इंग्रजी अनुवादातून ते समजायला अर्धा तास लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. दोघांनीही ‘यू’ न लिहिता जुने ‘दी’ आणि ‘दाऊ’ लिहिले. आजच्या वाचकाला हे शब्द फार आदराचे, प्रार्थनेतले वाटतात. मूळ इंग्रजीत ते एकवचनी आणि जवळिकीचे होते, आपल्या ‘तू’सारखे. मराठी आणि उर्दूत आपण अल्लाहला ‘तू’ म्हणतो, ‘आपण’ म्हणत नाही. ती जवळीक इंग्रजी वाचकाला आता त्याच शब्दांतून उलटी, म्हणजे अंतर म्हणून ऐकू येते.

कोप कोणाचा आणि कोणामुळे?

शेवटच्या आयतीत दोन अनुवादांमधला फरक सर्वांत मोठा आहे. येथे शब्दनिवडीने माणूस आणि अल्लाह यांच्यातल्या नात्याचे चित्रच बदलते. म्हणून येथे थोडे सावकाश जाऊ.

अरबीत आधी ज्यांच्यावर कृपा झाली त्यांचा उल्लेख आहे. तेथे क्रियापद कर्तरी आहे: तू कृपा केलीस. लगेच पुढे कोपाचा उल्लेख आहे, आणि तेथे रचना बदलते. ‘मगजूब’ हे कर्मणी रूप आहे. कोप झाला, एवढेच म्हटले आहे. कोणी केला ते म्हटलेले नाही. देणारा हात कृपेच्या वेळी समोर दिसतो, कोपाच्या वेळी तो पडद्याआड राहतो.

आता पिकथॉल पाहा. त्यांनी दोन शब्द असे घातले की चित्र वेगळे झाले. पहिला, ‘तुझा’ कोप. म्हणजे पडद्याआड असलेला हात त्यांनी समोर आणला. दुसरा शब्द ‘अर्न’, म्हणजे कमावणे. ती माणसे कोप कमावतात, ओढवून घेतात. मूळ शब्दात कमावण्याची क्रिया नाही. युसूफ अलींनी कर्ता घातला नाही. त्यांनी कंसात ‘पोर्शन’ हा शब्द घेतला. ‘पोर्शन’ म्हणजे वाटा. ज्यांच्या वाट्याला कोप येत नाही ते.

मराठीत तिन्ही तऱ्हा सहज मांडता येतात, त्यामुळे फरक स्पष्ट दिसेल. “ज्यांच्यावर कोप झाला” म्हटले की आपण मूळ अरबीच्या सर्वांत जवळ असतो. “ज्यांनी तुझा कोप ओढवून घेतला” म्हटले की आपण पिकथॉल यांच्याकडे असतो. “ज्यांच्या वाट्याला कोप आला नाही” म्हटले की आपण युसूफ अलींकडे असतो. पहिले वाक्य कारण सांगत नाही. दुसरे जबाबदारी माणसावर टाकते. तिसरे ऐकताना नशिबाची, लिहून ठेवलेल्या वाटणीची छटा येते.

आणि आता गंमत पाहा. युसूफ अलींनी याच आयतीखाली टीप दिली आहे. त्यात ते दाखवून देतात की कृपेचे शब्द अल्लाहशी थेट जोडलेले आहेत आणि कोपाचे शब्द तसे जोडलेले नाहीत. कोपाला माणसाची आपली कृत्येच जबाबदार असतात. म्हणजे टिपेत ते तेच सांगतात जे पिकथॉल यांनी ‘अर्न’ या एका शब्दाने मजकुरात घातले. पण टीप न वाचणाऱ्याच्या हाती ‘पोर्शन’ हा शब्द उरतो आणि तो नेमका उलट दिशेला, नशिबाकडे, खेचतो. पिकथॉल यांच्या वाचकाला जबाबदारी कळते, पण मूळ वाक्याने राखलेला अदब, कोपाच्या वेळी ते नाव न घेण्याचा, त्याला कळत नाही. एकाने रचना सांभाळली आणि अर्थ टिपेत ठेवला, दुसऱ्याने अर्थ मजकुरात आणला आणि रचना मोडली.

याच आयतीत ‘गैर’ या शब्दाचाही प्रश्न आहे. नाजरा शिकलेल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे की येथे ‘गैर’च्या शेवटच्या अक्षराखाली जेर आहे. ती जेर सांगते की हा शब्द मागच्या माणसांशी, म्हणजे कृपा झालेल्यांशी जोडलेला आहे. त्यांचेच पुढचे वर्णन करतो आहे. युसूफ अलींनी तसेच ठेवले: कृपा झालेली तीच माणसे, ज्यांच्यावर कोप नाही आणि जी भरकटत नाहीत. पिकथॉल यांनी कंसात ‘वाट’ हा शब्द पुन्हा घातला आणि म्हटले, अशांची वाट नको. त्यामुळे त्यांच्या वाक्यात वेगवेगळ्या वाटा आणि वेगवेगळे गट उभे राहिले.

शाळेतले उदाहरण घेऊ. “मला अभ्यासू मुलांच्या बाकावर बसवा, जी वर्गात गोंधळ घालत नाहीत.” आणि “मला अभ्यासू मुलांच्या बाकावर बसवा, गोंधळ घालणाऱ्यांच्या नको.” पहिल्या वाक्यात एकच बाक आहे. दुसऱ्यात दोन, आणि ऐकणाऱ्याची नजर आपोआप दुसऱ्या बाकाकडे जाते: तिथे कोण बसले आहे? तफसीरच्या परंपरेत अशा गटांची चर्चा आहे, हे खरे. पण ती चर्चा हदीस आणि तफसीर यांच्या आधाराने होते. केवळ इंग्रजी वाक्याच्या रचनेवरून एखादा मुलगा शेजाऱ्यांकडे बोट दाखवू लागला, तर त्याने आधार घेतला आहे तो अनुवादकाच्या कंसाचा.

अनुवादाने जोडलेला खोटा दुवा

शब्द जसा अर्थ गमावतो तसा नसलेला अर्थ जोडतोही. युसूफ अलींनी ‘रहमान’साठी ‘ग्रेशस’ घेतला आणि शेवटच्या आयतीतल्या कृपेसाठी ‘ग्रेस’. इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. वाचकाला वाटते की सूरहच्या आरंभीचा शब्द शेवटी परत आला. अरबीत तसे नाही. ‘रहमान’ हा रहमतीच्या मुळाचा, आणि कृपेसाठी वापरलेले क्रियापद ‘नेमत’च्या मुळाचे. दोन वेगळी घराणी आहेत. पिकथॉल यांनी ‘बेनिफिसंट’ आणि ‘फेव्हर’ असे दोन वेगळ्या मुळांचे शब्द घेतल्यामुळे त्यांच्याकडे हा भास होत नाही.

पण पिकथॉल यांच्याकडे उलटे नुकसान आहे. ‘रहमान’ आणि ‘रहीम’ हे खरोखर एकाच मुळाचे. ऐकतानाच ते भाऊ वाटतात. ‘बेनिफिसंट’ आणि ‘मर्सिफुल’ हे शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत. युसूफ अलींनी दोन्हींच्या आधी ‘मोस्ट’ लावून निदान आवाजाचे नाते राखले. मराठीतल्या ‘कृपाळू’ आणि ‘दयाळू’ या जोडीत हे नाते शेवटच्या अक्षरांतून आपोआप येते.

मग घरी काय ठेवावे?

दोघे अनुवादक जिथे एकमत होतात तिथेही थांबून पाहावे. न्यायाच्या दिवसासाठी दोघांचाही इंग्रजी शब्द एकच आहे. मूळ ‘दीन’ या शब्दात केलेल्या कामाची परतफेड हा अर्थही आहे. दोघांच्या ‘जजमेंट’मध्ये निकाल ऐकू येतो, परतफेड कमी ऐकू येते. ‘आम्हाला वाट दाखव’ येथेही दोघांनी ‘शो’ हाच शब्द घेतला. उर्दू अनुवादांत मात्र ‘दिखा’ही मिळतो आणि ‘चला’ही मिळतो. वाट दाखवणे आणि वाटेवर चालवणे यांत किती अंतर आहे, हे भायखळ्याच्या गर्दीत पत्ता विचारणाऱ्याला सांगायला नको.

म्हणून पालकांना आमचे उत्तर असे. लहान वाचकाच्या हाती पिकथॉल यांचा मजकूर द्यावा. तो थोडक्यात आहे आणि कंसांत आपली भर कबूल करतो. वडीलधाऱ्यांनी युसूफ अलींची टिपांसह असलेली प्रत जवळ ठेवावी आणि टिपा वाचाव्यात, कारण त्यांचा अर्धा अनुवाद टिपांतच आहे. दोन्ही प्रतींच्या पहिल्या पानावर आवृत्तीचे साल पाहावे. शब्दाशी अडले की दुसऱ्या प्रतीत तोच शब्द काढावा. दोघे वेगळे बोलत असतील तर समजावे की येथे अरबी शब्द दोघांच्या शब्दांहून मोठा आहे. मग उर्दू किंवा मराठी अनुवाद आणि शेवटी जाणकार आलिम यांच्याकडे जावे. आणि कंसातल्या शब्दाच्या बळावर कोणाशी वाद घालू नये.

या दोघांनी एकमेकांची उत्तरे खोडून काढली नाहीत. एका ओंजळीत न मावणारे पाणी दोन ओंजळींत आणले. इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या ब्रुकवुड कब्रस्तानात आज दोघेही दफन आहेत, पिकथॉल १९३६ पासून आणि युसूफ अली १९५३ पासून.